दोनच्या डोक्यावरची खूण

मी टायपिंग शिकले ते हिंगोलीत, सत्तरच्या दशकात. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हती, परभणीचा एक तालुका होती, आणि आमच्या बौद्धवाड्यातून मशीनवर बसायला जाणारी मी पहिलीच. क्लासमधली मशीनं माझ्यापेक्षा वयानं मोठी. मास्तर की-बोर्डवर फडकं टाकायचे आणि खालून बोटं चालवायला लावायचे. त्या मशीनवर शिफ्ट दाबून दोनचा आकडा मारला की डबल इन्व्हर्टेड कॉमा उमटायचा. हे मी इतक्या वेळा मारलं की झोपेतही सांगितलं असतं. पुढं कचेरीत नोकरी लागली, मशीन जाऊन संगणक आला, आणि त्याच दोनच्या डोक्यावर ॲट द रेट येऊन बसला. बोटांना ते पटेना. वर्षभर माझ्या कागदांत कॉमाच्या जागी ॲट यायचा आणि साहेब चष्म्यावरून बघायचे. शेवटी बोटं शहाणी झाली. मला वाटलं, हा विषय आयुष्यातून गेला.

तो परत आला मी रिटायर झाल्यावर, जवळा बाजारच्या एका ऑनलाइन सेंटरात.

धाकट्या भावाची पोरगी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला जायचं होतं. भाऊ शिरड शहापूरकडं शेती करतो. माणूस वाईट नाही, पण डोक्यानं तापट आणि कानानं हलका. कुणी काही सांगितलं की आधी खरं मानतो, मग विचार करतो, आणि तोवर बोलून झालेलं असतं. पोरीनं शिकावं ही त्याचीच इच्छा, मात्र कॉलेज नांदेडचंच पाहिजे, दर शनिवारी घरी यायचं, ही अट. पोरगीही कबूल होती. कॉलेजांचा पसंतीक्रम लावून कन्फर्म करायचा शेवटचा दिवस उजाडला, आणि त्या संध्याकाळपर्यंत तो भरला नाही तर सीट गेली, वर्ष गेलं. भावाचा फोन आला, “आक्का, तू ये, तुला त्यातलं समजतं.” मी हिंगोलीहून एसटी पकडली.

बाजाराचा दिवस होता. सेंटर म्हणजे एक गाळा, दोन संगणक, पण चालू एकच. बाकड्यावर सातबाऱ्यासाठी, दाखल्यासाठी थांबलेली माणसं, त्यात दोघं-तिघं भावाच्याच गावचे. सेंटरवाला तिशीतला, बोलायला गोड. एका म्हाताऱ्याच्या अर्जात मराठीत नाव टाकून त्यानं तो अर्ज संपवला, मग स्क्रीनवरच्या त्याच खिडकीत आमची साइट उघडली. पोरीचा अर्ज क्रमांक टाकला. पासवर्ड विचारला. तो तिनं स्वतः ठेवलेला, तिला तोंडपाठ. त्यानं टाकला. जागेवर नुसते काळे ठिपके उमटले, आणि वर लाल अक्षरांत आलं की पासवर्ड चुकीचा आहे.

“हळू टाका,” पोरगी म्हणाली.

त्यानं हळू टाकला. पुन्हा लाल. मग ती स्वतः बसली, एकेक बटण बघून दाबलं. पुन्हा लाल, आणि खाली नवीन ओळ, की आणखी एकदा चुकलं तर खातं उद्यापर्यंत बंद.

उद्या येऊन काय पूजा घालायची होती?

 सेंटरवाल्यानं कॅप्स लॉकची मोठी अक्षरं चालू आहेत का ते बघितलं, नव्हती. मग म्हणाला, “की-बोर्डच खराब हाय का बघू.” त्यानं नोटपॅड उघडलं आणि पासवर्ड तिथं उघडा टाइप केला. आधी भावाचं नाव इंग्रजीत, मग ॲट द रेट, मग पोरीचं जन्मसाल. सगळं जसंच्या तसं, स्वच्छ. भावानं स्क्रीनवर आपलं नाव वाचलं. क्षणभर त्याचा चेहरा मऊ झालेला मी पाहिला. पण सेंटरवाला म्हणाला, “की-बोर्ड बराबर हाय. म्हंजे पासवर्डच बदललाय कुणीतरी.”

“कुणीतरी” म्हणायला तो पासवर्ड पोरीशिवाय कुणाला माहीत होता?

भाऊ तिच्याकडं वळला. “तू बदललास व्हय?”

“न्हाई बाबा.”

“मग आपोआप बदलला का? काहून खोटं बोलून राहिली?”

“म्या न्हाई बदलला.”

मी म्हटलं, “अरे, जरा दम धर.” पण तो दम धरणाऱ्यांतला नाही. गावात कुणीतरी त्याच्या कानात काही घातलं होतं, हे मला तेव्हाच कळलं. तो उभा राहिला आणि त्या भरल्या गाळ्यात म्हणाला, “त्या जीपवाल्यासाठी इथंच राहायचं हाय ना तुला? म्हून बदललास. समदं गाव सांगून राहिलं, फूडच्या शीटावर बसती म्हून. म्याच येडा, तुझ्यासाठी वणवण करून राहिलो.”

 बाकड्यावरचा भावाच्या गावचा एक जण पायाकडं बघायला लागला, पण कान इकडंच. कॉलेजला जाणाऱ्या पोरी भाड्याच्या जीपमध्ये जिथं जागा मिळेल तिथं बसतात, मागं पुरुषांच्या गर्दीत चेंगरण्यापेक्षा पुढं बसणं बरं, एवढी साधी गोष्ट त्या बापाला कळू नये याचा मला इतका संताप आला की हात उचलावासा वाटला. लहानपणी त्याच्यावर उचललाही होता.  पोरगी रडली नाही. ओढणी सारखी केली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली, रस्त्याकडं तोंड करून.

मी भावाला म्हटलं, “झालं समाधान?”

“तू मधी पडू नको, आक्का.”

“तूच बोलावलंस मला.”

पासवर्ड विसरला असेल तर नवीन मिळवायची सोय साइटवर होती. मोबाइलवर यायचा तर अर्जात दिलेलं भावाचं सिम कधीच बंद पडलेलं. दुसरा मार्ग ईमेलचा. सेंटरवाल्यानं मला पत्ता विचारला, तो पोरीच्या अर्जाच्या कागदावर छापलेला होता. मी म्हटलं, “सरका, मी टाकते.” त्याच खिडकीत बसून मी पोरीचा पत्ता टाइप केला. इथं ठिपके नव्हते, अक्षरं दिसत होती. नाव बरोबर आलं, आकडे बरोबर आले, मग शिफ्ट आणि दोन, आणि ॲटच्या जागी उभा राहिला डबल इन्व्हर्टेड कॉमा.

“मावशी, चुकून दुसरं बटण दाबलं,” सेंटरवाला म्हणाला.

खोडलं, परत मारलं. परत कॉमा. पहिल्यांदा मला भीती वाटली ती माझ्याच बोटांची. वाटलं, म्हातारपणी ही जुन्या मशीनवर गेली की काय. पण बोटं चुकली तरी संगणक दाबलेल्या बटणाचंच छापतो, आणि मी दोनवरच मारलं होतं, डोळ्यांनी बघून. मग एंटरच्या शेजारचं बटण, ज्यावर तो डबल कॉमा छापलेला आहे, ते शिफ्ट धरून दाबलं. ॲट द रेट आला.

“हे बघा,” मी म्हटलं. “जागा बदलल्यात दोघांच्या.”

सेंटरवाला वाकला. त्यानं शिफ्ट धरून तीन मारलं. हॅशच्या ऐवजी पाउंडाचं चिन्ह आलं. त्यानं कपाळावर हात मारला. “आयला, इंग्लंडचा की-बोर्ड लागलाय.”

मग त्यानं उलगडून सांगितलं. मागच्या आठवड्यात मशीन फॉरमॅट केलं, तेव्हा मेकॅनिकनं एक अमेरिकेचं इंग्रजी आणि एक इंग्लंडचं, असे दोन की-बोर्ड, म्हणजे बटणांच्या दोन मांडण्या, आत टाकून ठेवले. याला माहीतही नाही, कारण खाली कोपऱ्यात दोघांच्याही वेळी ‘ईएन’ एवढंच दिसतं. मराठीतून इंग्रजीत यायला हा दिवसभर ऑल्ट आणि शिफ्ट दाबतो. म्हाताऱ्याच्या अर्जानंतर दाबलं ते पहिल्या इंग्रजीवर न थांबता दुसऱ्यावर गेलं. ए टू झेड सगळी अक्षरं जागच्या जागी, फक्त दोन-चार खुणा इकडच्या तिकडं, म्हणून शंका येत नाही. आणि त्या मशीनवर प्रत्येक खिडकीचा की-बोर्ड वेगळा राहायचा. नोटपॅड नवीन उघडलं ते सरळ अमेरिकेच्या की-बोर्डावर, म्हणून तिथं ॲट बरोबर आला. साइटच्या खिडकीत मात्र ठिपक्यांखाली तीनही वेळा कॉमाच गेला होता.

म्हणजे जी तपासणी करून पोरीला खोटं ठरवलं, तीच तपासणी खोटी होती.

त्यानं साइटच्या खिडकीत क्लिक करून पुन्हा ऑल्ट-शिफ्ट दाबलं, ईमेलच्या जागेत शिफ्ट धरून दोन मारून ॲट येतो हे डोळ्यांनी पाहिलं, मगच मागं जाऊन पासवर्ड टाकला. शेवटची संधी होती.  पान उघडलं, वर पोरीचं नाव.

सेंटरवाल्यानं समोरच्या हॉटेलात चहा सांगितला. बाकड्यावरची माणसं हसायला लागली, एक जण म्हणाला, “इंग्रज गेले पर बटनं सोडून गेले.” भाऊही हसला. तो हसला याचा मला अजून राग आहे. पायरीकडं बघून म्हणाला, “ये माय, निघालं बघ. मशीनचीच चूक व्हती.”

एवढंच. जीपवाल्याचं काय, ते कुणीच मागं घेतलं नाही. जे लाल अक्षरांत आलं होतं ते पुसलं गेलं, आणि जे भावाच्या तोंडून आलं ते त्या बाकड्यावरून गावात पोचणार होतं, चहा संपायच्या आत.

पोरगी आत आली. चहा घेतला नाही. खुर्चीवर बसली आणि कॉलेजांची यादी उघडली. ती आधीच लावून ठेवलेली, नांदेड सगळ्यात वर, खाली औरंगाबाद, लातूर, आणि अगदी तळाला मुंबई, ती नुसती यादी भरायला टाकलेली. तिनं माउस धरला. तळाची ओळ पकडली आणि एकेक पायरी वर सरकवत नेली, लातूरच्या वर, औरंगाबादच्या वर, मग नांदेडच्या वर. सेंटरवाल्याला वाटलं चूक झाली. “ताई, मुंबई वर गेली.”

“जाऊ द्या.”

भाऊ पुढं झाला. “नांदेडचं ठरलं व्हतं ना? मुंबईहून शनिवारी कशी येशील?”

“म्हून तर,” ती स्क्रीनकडं बघतच म्हणाली.

भावानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला समजावीन, मध्ये पडीन, असं त्याला वाटलं असावं. मी पडले नाही. कन्फर्मचं बटण तिनं स्वतः दाबलं.