कोणाचं ते सांगा

आमच्या ट्यूमर बोर्डाची, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांचे उपचार मिळून ठरवणाऱ्या डॉक्टरांची, बैठक संपत आली की समन्वयक ताई आपली खुर्ची दारापाशी ओढतात. काय ठरलं आणि कोण काय करणार, हे वाचून दाखवल्याशिवाय त्या कुणालाही सोडत नाहीत. प्रत्येक कामापुढे एक माणूस आणि एक वार हवा. ‘आपण बघू’ असं कुणी म्हटलं की विचारतात, “आपण म्हणजे कोण?” मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर, बोलायला मागे आणि पळायला पुढे, त्यामुळे त्यांच्या तावडीत जास्त मीच सापडतो.

एकदा एकोणतीस वर्षांच्या मुलीची केस होती. स्तनाचा कॅन्सर, काखेतल्या गाठीपर्यंत गेलेला. लग्नाला वर्ष झालेलं. मूल हवंय, हे तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. आधी शस्त्रक्रिया की आधी केमो, यावर सर्जन आणि केमोच्या डॉक्टरांची चांगलीच जुंपली. मध्येच कुणीतरी म्हणालं, “केमोनंतर मूल होणं अवघड, त्याआधी बीजांडं गोठवायचं बघायला हवं.” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भांडण पुढे सुरू झालं.

शेवटी ताईंनी वाचलं, “आधी केमो, मग शस्त्रक्रिया. गाठीतल्या हर-टू प्रथिनाची राहिलेली तपासणी पॅथॉलॉजी, गुरुवारपर्यंत, त्यावर औषधं ठरतील. गाठीत खुणेची क्लिप रेडिओलॉजी, शुक्रवारी. पहिली केमो सोमवारी. बीजांडं गोठवण्याचा सल्ला...” इथे त्या थांबल्या. “हे कोणाचं?”

सर्जन म्हणाले, “केमोवाले सांगतील ना.”

“मी समजलो, तुम्ही सांगितलंय,” केमोचे डॉक्टर म्हणाले.

सोमवार तोंडावर आला होता.

“माझं लिहा,” केमोचे डॉक्टर म्हणाले. “आजच तिच्याशी बोलतो, वंध्यत्वतज्ज्ञांची वेळही घेतो. ती हो म्हणाली तर केमो दोनेक आठवडे पुढे. तेवढं थांबता येईल.”

ताईंनी सोमवार खोडला आणि खुर्ची बाजूला केली.

सगळे गेले, मी मुद्दाम रेंगाळलो. म्हटलं, “ताई, आज बीजांडांच्या ओळीवर अडखळलात तुम्ही.”

त्यांनी चष्मा पुसला. “मलाही हाच आजार झाला होता, तिच्याच वयात. माझ्या डॉक्टरांनाही सगळं माहीत होतं हो. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असेल. बरी झाले. पण मूल नाही झालं.” मग चष्मा परत चढवत, “अजून हवंसं वाटतं. या वयात. हसू नका.”

मी कुठला हसतोय.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावून स्क्रीन दाखवला. त्या मुलीची बीजांडं गोठवून झाली होती, केमो सुरू झाली होती. त्या ओळीपुढे ताईंनी ‘पूर्ण’ लिहिलं.

“चौदा बीजांडं मिळाली म्हणे,” त्या म्हणाल्या. “मला एक पुरलं असतं.”