पंख्याचे बारा सेकंद

शेलूबाजारजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात मी विजेची इंजिनिअर होते, आणि माझं गणित चुकत नाही असं मी स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. दुसरं कुणी सांगेल याची वाट बघण्याइतका धीर माझ्या स्वभावात नाही.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर बॉयलरचा धूर ओढणारा पंखा बदलला. नवा पंखा माणसाच्या उंचीचा; मोटर मात्र जुनीच, पंचाहत्तर किलोवॅटची. सुरू करण्याआधी तो पूर्ण वेगाला यायला किती वेळ घेईल, ते काढणं माझं काम. मोटरच्या कागदावर सुरुवातीचा ताण सोसायची मर्यादा होती पंचवीस सेकंद. त्याहून जास्त लागले की मोटर जळाली म्हणून समजायचं.

हिशेब सोपा असतो. फिरणाऱ्या वस्तूचं जडत्व गुणिले गाठायचा वेग, आणि त्याला भागायचं वेग वाढवणाऱ्या ताकदीनं. वेग सेकंदाला एकशे पंचावन्न रेडियन. सुरुवातीला मोटर स्टारमध्ये, म्हणजे कमी दाबाच्या जोडणीत असते, म्हणून तिची ताकद एक तृतीयांशच धरायची. त्यातून पंख्याला हवा ढकलायला लागणारी वजा केली की सरासरी उरतात दोनशे न्यूटन मीटर. पंख्याच्या तक्त्यात जडत्वाच्या रकान्यात जीडी वर्ग साठ लिहिलं होतं. साठ गुणिले एकशे पंचावन्न, भागिले दोनशे. उत्तर आलं साडेसेहेचाळीस सेकंद.

मी ताडताड सेठच्या केबिनमध्ये गेले. "पंखा चालू करायचा नाही. मोठी मोटर आणा."

सेठ माझ्यावर जाम खूश. त्यांनी अकोल्याला फोन करून मोटर ठरवली, आणि चहाच्या टपरीपर्यंत सांगून आले, "आपल्या बाईनं मोटर वाचोली!" दुसऱ्या दिवशी जुनी मोटर काढून पाया फोडायचा होता. हंगामाचा पहिला आठवडा त्यातच जाणार होता, पण त्याचं कुणालाच वाईट वाटत नव्हतं. माझा तर नुसता रुबाब.

फक्त बॉयलरवाल्या मामांना ते पटलं नव्हतं. पन्नाशीचा माणूस, आधी जीपवर कंडक्टरी केलेली. ते म्हणाले, "मॅडम, म्या हातानं फिरवून पाह्यला. तुमी म्हंता इतका जड नाई तो."

"मामा, बेअरिंग नवं आहे म्हणून हलका लागतो. हातानं जडत्व कळत नसतं." मी त्यांना बाकावर बसवलं आणि कागदावर सगळं समजावून सांगायला घेतलं. शिकवायची खोड मला रिठदच्या माहेरापासूनची.

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "हा डी कायचा हाये?"

"व्यासाचा. वजन गुणिले व्यासाचा वर्ग."

"अन् तुमच्या सूत्रातबी व्यासच हाये काय?"

मी सूत्र पुन्हा बघितलं. माझ्या सूत्रात त्रिज्या होती. त्रिज्या व्यासाच्या निम्मी, तिचा वर्ग चौथा हिस्सा. साठ नव्हे, पंधरा! साडेसेहेचाळीस नव्हे, साडेअकरा सेकंद! जुनी मोटर आरामात चालणार होती.

मामांना पुढचं काही कळलं नव्हतं. ते भट्टीकडे निघून गेले. आता खरं सांगायचं तर मला वाटलं, गप्प बसावं. मोठी मोटर येईल, पंखा झकास फिरेल, माझं नाव होईल, चूक कुणाला दिसणारच नाही. तो कागद मी चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलासुद्धा. मग मामांनी हातानं फिरवलेला तो पंखा डोळ्यांसमोर आला आणि मला माझीच भयंकर लाज वाटली.

सेठसमोर कागद उलगडला. कुठे चुकले ते बोट ठेवून दाखवलं.

"मंग टपरीवर काय सांगू मी?"

"बाई चुकली म्हणून सांगा."

त्यांनी अकोल्याचा फोन फिरवला, आणि मोटर नको म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. ते मला फार लागलं.

संध्याकाळच्या आत आम्ही पंख्याची झडप बंद करून, मोटरला स्टारमधून पूर्ण दाबाच्या डेल्टा जोडणीत नेणारा टायमर तेरा सेकंदांवर लावला. सेठ लांब, खांबाआड उभे. मी बटण दाबलं. मोटर घुमली. मामा मोठ्यानं मोजू लागले, जीपमध्ये सवारी मोजायचे तसे, बोट नाचवत, एका ठोक्यात. आठ झाले, नऊ झाले, माझा हात बंद करायच्या बटणावर. दहा, अकरा. घुमणं एका सुरात स्थिरावलं.

"बारा!" मामा म्हणाले. लगोलग स्टारमधून डेल्टात जाताना पॅनेलमध्ये खट्ट वाजलं.

सेठ खांबाआडून बाहेर आले. "झालं?"

"झालं ना," मामा म्हणाले, "मॅडमचा हिशोब बराबर हाये."

व्यासाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हापासून माझा कुठलाही हिशेब मी आधी त्यांच्या बाकावर नेते आणि ते विचारायच्या आत स्वतःच सांगते, मामा, हा डी व्यासाचा आहे.