चारला उठणाऱ्याचा वाढदिवस

माझा एक शाळकरी मित्र बोरीकडच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. त्याची तिसरी पाळी रात्री बाराला लागते आणि सकाळी आठला सुटते. मागच्या साली वाढदिवस नेमका याच पाळीत आला.

बाराच्या ठोक्याला शाळेच्या ग्रुपवर केकची चित्रं धडाधड पडू लागली. एकानं तर दुसऱ्याच कुणासाठी आलेला मजकूर नाव न बदलता ढकलून दिला. यालाच हे लोक आठवण ठेवणं म्हणतात. तेव्हा मित्र आधीच्या ऑपरेटरकडून चार्ज घेऊन फीडरचं, म्हणजे गावांकडं जाणाऱ्या प्रत्येक लाइनचं, रीडिंग वहीत उतरवत होता. सकाळपर्यंत उत्तर आलं नाही, तेव्हा एका शहाण्यानं लिहिलं, "लय भाव खायलाय."

मग साडेअकराला सगळे केक घेऊन त्याच्या खोलीवर. मीही होतो, लाज वाटते. नऊला झोपलेल्या माणसाचं दार आम्ही बडवलं. त्यानं लालभडक डोळ्यांनी कडी काढली. त्याच्या तोंडाला क्रीम फासून, फोटो काढून मंडळी वीस मिनिटांत पसार झाली. जाताना म्हणाली, "झोप आता." जणू झोप नळाला येते.

संध्याकाळी मी एकटाच परत गेलो. तो म्हणाला, "पुन्हा डोळाच लागला न्हाई. रात्री लाइनमनला खांबावर चढायचं असलं तर कामाचं परमिट मी देतो. त्याचाच फीडर बंद केला का, अर्थिंग लागलं का, हे मलाच बघावं लागतं. झोपेत दुसराच फीडर बंद केला तर तो तारंलाच चिकटंल."

यंदा पुन्हा तीच पाळी आली. ग्रुपवर तीच चित्रं, तोच कचरा. मी दिवसभर गप्प राहिलो आणि तो उठतो तेव्हा, सव्वाचारला, लिहिलं:

"वाढदिवस लागला तेव्हा तू चार्ज घेत होतास. उजाडला तेव्हा रीडिंग लिहीत होतास. दुपार झोपेत गेली, आणि बाराला तू पुन्हा खुर्चीत बसशील तेव्हा तो संपलेला असेल. मधले हे सात-आठ तास तेवढे तुझे. उत्तर देऊ नकोस. पाचला चहाला येतो, दार वाजवणार नाही, खाली थांबतो."

पाचला तो खाली उतरला. हसून म्हणाला, "वाचलं. आज सलग सात तास झोपलो. फोन कपाटात ठेवला होता."

चहा पिताना त्यानं माझा मजकूर कौतुकानं ग्रुपवर टाकला. मिनिटभरात त्याच शहाण्याचं उत्तर आलं, "भारी हाय! माझा मेव्हणा बँकेत हाय, त्यालाच पाठवतो."

बँकेत! मी फोन उलटा ठेवला आणि आणखी दोन चहा सांगितले.