ओल्या फरशीवरच्या चपला

नाशिकच्या मुलींच्या एका वसतिगृहात मी अकरा वर्षं गृहपाल होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून पुढं. कुणी विचारलं की त्या वर्षांतलं काय आठवतं, तर मला आधी ओल्या फरशीचा वास आठवतो. साबण, शिकेकाई, ओले टॉवेल आणि न वाळलेल्या चपला. पावसाळ्यात हा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा आणि साडीलासुद्धा लागायचा.

न्हाणीघरं सहा होती आणि मुली साठ. आधी तिथं खडबडीत शहाबादी होती, काळीकुट्ट, दिसायला घाण. मग कुणा दात्यानं पांढऱ्या चकचकीत टाईल्स बसवून दिल्या. उद्घाटन झालं, पेढे वाटले. त्यानंतर मुली घसरू लागल्या. कुणाचं ढोपर खरचटलं, कुणाची बादली फुटली. मी रोज ओरडायचे, "सावकाश चाला गं." सकाळी सहा ते साडेसात एवढ्यात साठ मुलींनी अंघोळ करून कॉलेजला जायचं, त्यात सावकाश कोण चालणार? पण ओरडण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

त्यातच मुलींच्या पायाला चिखल्या झाल्या. बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलायची, खाज सुटायची. तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकीची दुसरीला लागते. अनवाणी जाऊ देऊ नका." मी फलकावर नियम लिहिला : न्हाणीघरात चपलेशिवाय प्रवेश नाही. अक्षर मोठं काढलं, खाली दोन रेघा मारल्या. आपण काहीतरी केलं असं वाटलं.

त्या वर्षी पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी अकरावीला आली होती. बारीक, काळीसावळी, बोलायची कमी. तिच्याकडे चप्पल होती ती एस.टी.नं येता-जाता घालायची. नियम वाचून तिनं मोठ्या बहिणीची जुनी हवाई चप्पल आणली. टाचेखाली झिजून गुळगुळीत झालेली, निळा पट्टा सैल. ती रोज ती घालून न्हाणीघरात जायची, कारण मी दारात उभी राहून पाय बघायचे.

ऑगस्टमधली एक सकाळ होती. ती भरलेली बादली घेऊन वळली आणि पडली. मी धावत गेले तेव्हा ती बसलेली होती, उजवा हात मांडीवर धरून. मनगट वाकडं दिसत होतं. एक चप्पल पायात, दुसरी मोरीच्या जाळीपाशी गेलेली. ती रडत नव्हती. "मॅडम, पाणी सांडलं," एवढंच म्हणाली.

सिव्हिलला हाड बसवून प्लास्टर घातलं. सहा आठवडे. परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "एवढी घाई कशाला करायची?"

ती बाहेर बघत होती. तशीच बघत म्हणाली, "घाई नव्हती, मॅडम. आम्ही नदीत खडकावरून पाणी आणतो. शेवाळ असतं. कधी पडले नाय. पायाची बोटं धरतात ना."

"मग इथं का नाही धरली?"

"इथं बोटं चपलेला धरून होती. चप्पल निसटते. जमिनीला कोण धरणार?"

नियम माझा होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयाला अपघाताचा अहवाल पाठवायचा होता. त्यात कारणाचा एक रकाना असतो. तिथं मी लिहिलं, 'विद्यार्थिनीच्या घाईमुळे'. असंच लिहायची पद्धत होती. टाईल्सबद्दल लिहिलं तर दात्याचं नाव येणार, नियमाबद्दल लिहिलं तर माझं. मी थकलेले होते, असं मी स्वतःला सांगितलं. थकलेली तर होतेच. पण कारण ते नव्हतं.

तिचे वडील आले. पायांत टायरच्या चपला, त्या त्यांनी ऑफिसच्या दाराबाहेर काढल्या. अहवालावर पालकाची सही लागायची. मला वाटलं ते न वाचताच सही करतील. त्यांनी कागद हातात घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. घाई या शब्दावर थांबले.

"पोरगी सांगते, घाई नव्हती."

"दादा, हे नुसतं कागदोपत्री असतं."

"तिच्या नावावर राहील ना पण?"

आवाज चढला नाही, बोलण्यात राग नव्हता. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि सही न करता हात मांडीवर घेऊन बसले. शिपाई चहा घेऊन आला, तो त्यांनी घेतला नाही. शेवटी मी दुसरा कागद ओढला आणि लिहिलं : गुळगुळीत टाईल्स, साबणाचे पाणी, झिजलेली चप्पल, जी विद्यार्थिनीने वसतिगृहाच्या नियमामुळे घातली होती. त्यांनी तेही सगळं वाचलं आणि सही केली. जाताना म्हणाले, "बाई, पोरीचे केस तेवढे कुणी विंचरून द्या. एका हातानं होत नाय."

सहा आठवडे मीच विंचरले. ती स्टुलावर बसायची, मी मागं उभी.

त्या अहवालावरून पुढं मला कारणे दाखवा पत्र आलं, आणि टाईल्सचं काहीच झालं नाही. मग मी आणि आमच्या सफाईच्या मावशी अशा दोघींनी चपलांचा नाद धरला. मावशी दिवसाचे पाचसहा तास ओल्या फरशीवर असायच्या. पन्नाशीच्या, टाचांना खोल भेगा. त्या म्हणाल्या, "आधी फरशीवरचा साबण काढू. तो थर बसलाय, म्हणून जास्त घसरतं." धुण्याचा सोडा आणि ताठ ब्रश घेऊन रविवारी आम्ही घासायला बसलो. पाणी करडं होऊन वाहिलं. फरक पडला, पण चार दिवसांनी थर परत यायचा.

मग मी मेन रोडवरून निरनिराळ्या चपला आणल्या. मावशी एकेक घालून साबणाच्या पाण्यात उभ्या राहायच्या, एक हात दाराच्या चौकटीला, दुसरा माझ्या खांद्यावर. टणक प्लॅस्टिकची सपात आधी. झटकली की कोरडी, पण पाय टेकताच सरकली. मावशी ओरडल्या, "धरा हो बाई!" मग वरून मखमल लावलेली स्पंजची. तळव्याला इतकी मऊ की मावशी क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या. पण ती पाणी पिऊन बसली. श्रावणातले दिवस, तीन दिवस दोरीवर टांगूनही दाबली की पाणी यायचं, आणि वास. चिखल्या घालवायला चप्पल आणायची आणि तिच्यातच चिखल्या पोसायच्या. नवीन हवाई बरी होती, नुसत्या पाण्यात धरायची. साबणात मात्र टाच बाजूला जायची, कारण मागं काही धरायलाच नसतं.

भद्रकालीत एका म्हाताऱ्या दुकानदारानं माझी तक्रार ऐकून घेतली. त्यांनी एक चप्पल उलटी करून माझ्यापुढं धरली. "वरची शोभा बघू नका, ताई. खाली बघा. खोबणी खोल पाहिजेत आणि कडेपर्यंत गेलेल्या. पायाखालच्या पाण्याला बाहेर जायला वाट पाहिजे, नाहीतर तुम्ही पाण्यावरच उभ्या राहता." ती रबराच्या तळाची होती, पावलावर रुंद पट्टा, तळव्यात पाणी निचरायला भोकं. दिसायला अगदीच ओबडधोबड.

मावशींनी ती घालून साबणाच्या पाण्यात पाय मागं-पुढं केला. सरकली नाही. चौकटीचा हात सोडला, मग माझा खांदा सोडला. "ही चालंल," म्हणाल्या.

मुलींसाठी तसलेच जोड आणले, पण त्यांना ती चप्पल आवडली नाही. म्हातारीची चप्पल म्हणायच्या. पहिली घातली ती त्या पेठच्या मुलीनं, प्लास्टर निघाल्यावर. तिच्या मागून एकेक करत बाकीच्याही घालू लागल्या. गॅलरीच्या भिंतीला आम्ही खिळ्यांची रांग ठोकली, चपला उभ्या टांगायला, म्हणजे पाणी निथळेल. आणि तळ झिजून खोबणी दिसेनाशा झाल्या की चप्पल बदलायची, हे मी फलकावर लिहिलं. रेघा मारल्या नाहीत. घसरणं पार थांबलं नाही, कमी झालं. हाड पुन्हा कुणाचं मोडलं नाही.

ती मुलगी बारावी झाली, डी.एड. झाली, तिच्याच तालुक्यात शिक्षिका लागली. मनगट थोडं वाकडंच राहिलं. फळ्यावर जास्त वेळ लिहिलं की दुखतं, असं तिनं एकदा पत्रात कळवलं होतं. तक्रार म्हणून नाही, ख्यालीखुशाली लिहावी तसं.

माझी शेवटची दोन-तीन वर्षं टाचेच्या दुखण्यात गेली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा शिरल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, सपाट चप्पल बंद, टाचेला खोलगट आधार आणि तळव्याला उंचवटा असलेलं काहीतरी घाला, घरातसुद्धा. तेव्हा फोमचे ते भोकाभोकांचे बूट नाशिकात नुकतेच दिसायला लागले होते. मी करड्या रंगाचे घेतले. मुली खूप हसल्या. पण पाय आत बसायचा, मागचा पट्टा टाच धरून ठेवायचा, आणि त्या फोममध्ये पाणी मुरत नव्हतं. झटकले की कोरडे. महिन्याभरात पहिलं पाऊल सोसवू लागलं. साबणाच्या फरशीवर मात्र ते त्या ओबडधोबड रबराइतके धरत नसत, आणि मऊ असल्यानं तळ भरभर झिजायचा. म्हणून न्हाणीघरात मी जपूनच जायचे.

मावशींच्या टाचा माझ्याहून वाईट होत्या. त्यांच्यासाठीही एक जोड आणला. त्यांनी आठ दिवस घातला आणि एप्रिलमध्ये घासून-पुसून गच्चीवरच्या पत्र्यावर वाळत घातला. संध्याकाळी बूट हातात घेऊन माझ्या खोलीत आल्या. पाय अर्धाच आत जात होता.

"बाई, माझे पाय सुजले का हो?"

बूट आटला होता. ऊन आणि तापलेला पत्रा. वाळायला त्याला उन्हाची गरजच नव्हती, सावलीत पाच मिनिटं पुरली असती, पण ते त्यांना सांगायचं मला सुचलं नव्हतं. मला हसूही आलं आणि रडूही. मी दुसरा जोड आणते म्हटलं. त्या जमिनीवर बसल्या, भिंतीला पाठ टेकली आणि दोन्ही पाय लांब केले.

"आणा," त्या म्हणाल्या. "पण घाई नाय. आज पायांपेक्षा कंबरच जास्त दुखतीय."

मीही खाली त्यांच्याशेजारी जाऊन बसले. आमची दोघींची कामं अजून पडलेली होती.