मला नापास करणारे सर

नाशकात द्वारकेवर माझा छापखाना होता. त्याआधी मी आईबरोबर बाजारात मेथीच्या जुड्या विकल्या, त्यामुळे गिऱ्हाईक कुठल्या पायावर वळून जातं आणि कुठल्या हाकेला परत येतं, हे मला शाळेत न जाताही समजायचं. एकाच गिऱ्हाइकाने मला हरवलं. ते मराठीचे मास्तर होते.

गावातल्या एका शाळेचे ते माजी मुख्याध्यापक आणि स्मरणिका समितीचे अध्यक्ष. आदल्या अंकात त्यांच्या फोटोखाली ‘माजी’च्या जागी ‘पाजी मुख्याध्यापक’ असं छापलं गेलं. प्रूफ त्यांनी स्वतः तपासलं होतं, खाली झोकदार सही होती. तरी भर सभेत माईकवरून म्हणाले, “हा द्वारकेवरच्या छापखान्याचा प्रताप.” पुढे महिनाभर माझ्या दुकानात शिरणारा प्रत्येकजण आधी पाजी म्हणून हसायचा आणि मग पत्रिकेचे भाव विचारायचा.

तरी सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका माझ्याकडेच आली, कारण गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या छापखान्याचा भाव ऐकून समितीला ठसका लागला. मी काम घेतलं ते एका हिशेबाने. या वेळी अंक असा काढायचा, की त्याच स्टेजवरून त्याच तोंडाने ते शब्द मागे घ्यायला लागतील.

बाकीची सगळी पानं लागली, फक्त प्रमुख पाहुण्यांचा लेख यायचा होता. पाहुणे याच शाळेचे माजी विद्यार्थी, आता अमेरिकेत. त्यांनी लेख सरांना ईमेल केला, सरांनी तो मला फॉरवर्ड केला. उघडला तर विषयाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ??? ????? ?????? ??, आणि खाली पानभर à¤®à¤²à¤¾ अशी नक्षी.

“फॉन्टचा प्रॉब्लेम,” दुकानात येऊन बसलेल्या सरांना मी म्हणालो. तेव्हा नाशकातला प्रत्येक डीटीपीवाला हेच म्हणायचा. आमच्या धंद्यात ते खरंही असायचं. कुणी मराठी मजकूर पाठवला की पडद्यावर इंग्रजी कचरा दिसायचा, त्यावर योग्य मराठी फॉन्ट लावला की कचऱ्यातून गणपती प्रसन्न. म्हणून आमच्या ऑपरेटर ताईंनी तो मजकूर उचलून पानात टाकला आणि फॉन्ट लावला. झाली अक्षरं देवनागरी! जोडाक्षरं, रफार, सगळं. अर्थ तेवढा नव्हता. मी प्रिंट काढून सरांपुढे ठेवली, म्हटलं बघा जरा.

सरांनी चष्मा चढवला, लाल पेन काढलं आणि दोन ओळींत चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

“अनुप्रास फार आहे,” ते म्हणाले.

“सर, दर तिसरं अक्षर तेच येतंय.”

“तेच म्हणतोय मी. तिकडे राहून भाषा बिघडते.”

ताई टेबलाखाली पडलेली टाचणी शोधायला वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

मी दुसरा फॉन्ट लावला, तिसरा लावला. दर वेळी वेगळंच शास्त्र. शेवटी सरांनी पेनाला टोपण लावलं. “उद्या दुपारपर्यंत लेख लागला नाही, तर सगळं गंगापूर रोडला. त्यांच्याकडे म्हणे सगळं कॉम्प्युटरवर असतं.”

“मग माझ्याकडे काय, चुलीवर?” मी ओरडलो. सर गेले.

रागात माणूस काहीही दाबतो. मी ईमेल पुन्हा उघडला आणि ब्राउझरच्या मेनूवरची प्रत्येक गोष्ट दाबत सुटलो. ‘व्ह्यू’ खाली ‘एन्कोडिंग’ होतं, त्यात भाषांची लांबलचक यादी. अरबी केलं, पान अरबी झालं. ग्रीक केलं, ग्रीक. चिनी केलं तेव्हा ताई म्हणाल्या, “शेठ, हा चांगला वाटतोय, भरगच्च.” मग एक नाव होतं, युनिकोड, पुढे यूटीएफ-एट. दाबलं, आणि नक्षी गळून पडली. ‘मला ज्या शाळेने घडवलं...’ स्वच्छ मराठी, वेलांट्यांसकट.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. मजकूर बिघडलेला नव्हताच. कॉम्प्युटरला प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. पाठवणाऱ्याने ते आकडे एका कोष्टकाने लिहिले होते, आमची खिडकी दुसऱ्या कोष्टकाने वाचत होती. मी फॉन्ट बदलत बसलो होतो, म्हणजे चुकीचं वाचलेल्या शब्दाला नवा सदरा शिवत होतो.

पण विषयाची प्रश्नचिन्हं हलेनात. कुठलंही एन्कोडिंग लावा, प्रश्नचिन्हं ती प्रश्नचिन्हंच. नक्षी म्हणजे आजारी अक्षर, उपचार चालतो. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षर वाटेतच गेलं, जागेवर दगड ठेवला. फॉरवर्ड होतानाच कुठेतरी ते झालं असणार. आणि लेखाच्या वर शीर्षक नव्हतं, कारण पाहुण्यांनी ते विषयातच लिहिलं होतं.

म्हणजे मूळ ईमेल हवा, आणि तो सरांच्या खात्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दुकानात बसवलं.

“पासवर्ड टाकतोय. तिकडे बघा.”

“सर, मी भिंतीकडे बघतोय.”

“त्यांनाही सांगा.”

ताईंनीही भिंतीकडे बघितलं. सरांनी एका बोटाने, प्रत्येक अक्षर तोंडाने म्हणत पासवर्ड टाकला.

मूळ ईमेलच्या विषयात प्रश्नचिन्हं नव्हती, नक्षी होती. मी यूटीएफ-एट लावलं, आणि सर मोठ्याने वाचायला लागले, “मला नापास करणारे...” पुढचा शब्द त्यांनी गिळला. तो ‘सर’ होता. लेखात शाळेचं कौतुक दोन परिच्छेद, बाकी सगळं मराठीच्या एका मास्तरांनी दोनदा कसं नापास केलं, त्याचं वर्णन. नाव नव्हतं. मिश्या होत्या.

सर मिशीला हात लावून म्हणाले, “तुमच्याकडे जे आलं ते प्रश्नचिन्हांचं आलं ना? मग शीर्षक मिळालंच नाही, असं धरा.”

मी मेथीवालीचा मुलगा. पाय कुठे वळला ते दिसलं. “धरतो. पण पाजीचं काय? स्टेजवरून सांगायचं, चूक छापखान्याची नव्हती.”

“आणि शीर्षक?”

“‘ऋणानुबंध’ टाकतो. कुणाला लागत नाही.”

“आभार मानताना सांगतो मी तुमचं.”

“आधी सांगा, सुरुवातीला.”

“आभारातच शोभतं ते,” सर म्हणाले, आणि मी मूर्खासारखं हो म्हटलं.

तो मजकूर पानात चिकटवला तर आमच्या सॉफ्टवेअरने त्याचीही प्रश्नचिन्हं केली. त्याला युनिकोड कळतच नव्हता. ताईंनी सगळा लेख प्रिंटवरून पुन्हा टाइप केला. अंक वेळेत निघाला, एकही चूक नाही.

समारंभात मी मागच्या रांगेत बसलो. पाहुणे बोलायला उभे राहिले, अंक उघडला आणि हसत म्हणाले, “माझ्या लेखाचं नाव बदललेलं दिसतंय. मी दिलं होतं, ‘मला नापास करणारे सर’.” सभागृह खिदळलं. सगळे सरांच्या मिशीकडे बघत होते.

आभारासाठी थांबायची सरांना गरजच राहिली नाही. त्यांनी वाकून माईक ओढला. “मुद्रणदोष! छापखान्याकडून राहून गेलं. क्षमस्व.”

मी उभा राहिलो. “राहून गेलं नाही, सर! व्ह्यू, एन्कोडिंग, यूटीएफ-एट! तुमच्या खात्यात आहे, पासवर्ड टाका आणि दाखवा!”

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. कुणाला एक शब्द कळला नव्हता. फक्त पाहुणे डोळे पुसत हसत होते. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी माझा सदरा ओढला आणि हळूच विचारलं, “शेठ, पाजीवाले तुम्हीच ना?”