आजची तारीख

आमच्या बातम्यांच्या वेबसाइटचं ऑफिस मूलमध्ये आहे, एका धान गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरचा चहा थरथरतो. मी तिथे वेबसाइटचं सगळं बघते. सगळं म्हणजे बातम्या चढवणं, फोटो कापणं आणि मालकांची बोलणी खाणं. त्या चैत्रात मालकांनी एकच धोशा लावला होता, की आपल्या बातम्या सर्चमध्ये शिळ्या दिसतात. लोक ताजी तारीख बघून दाबतात म्हणे.

मी चिडून कामाला बसले. प्रत्येक बातमीच्या पानाच्या पोटात सर्च इंजिनासाठी एक चिठ्ठी असते, तिला मार्कअप म्हणतात. लेखक कोण, बातमी प्रसिद्ध कधी झाली, शेवटची बदलली कधी, हे त्यात लिहिलेलं असतं. वाचकाला ती दिसत नाही. बदलल्याच्या तारखेसमोर मी अशी ओळ टाकली की पान उघडेल ती वेळ आपोआप तिथे बसावी. वाचकाला दिसणारी प्रसिद्धीची तारीख काढून तिथेही तीच आपोआप येणारी वेळ लावली. एक अक्षरही न बदलता हजारो जुन्या बातम्या ताज्या झाल्या. मला वाटलं, मी फार हुशार आहे.

दुसरी चूक सगळ्या ऑफिसची होती. आमचे जुने बातमीदार, ज्यांना सगळा तालुका भाऊ म्हणायचा, ते वर्षभरापूर्वी वारले. त्यांचं लॉगिन बंद करायला कुणाचाच हात धजावला नाही. शिवाय सगळ्यांना पाठ असलेला पासवर्ड तेवढा एकच होता. गावागावातून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या बातम्या आम्ही त्यातूनच चढवत होतो. त्यामुळे लेखक म्हणून रोज भाऊंचंच नाव लागत होतं, पानावरही आणि चिठ्ठीतही.

आठ दिवसांत गिरणीवाले जिना चढून वर आले. त्यांनी मोबाइल पुढे धरला. "बाई, भाऊ तर गेले ना? मग हे का होय?"

सर्चमध्ये रांगेने भाऊंच्या बातम्या होत्या. एक तासापूर्वी. तीन तासांपूर्वी. काल. काही आम्ही चढवलेल्या, काही त्यांनी खरंच लिहिलेल्या, आणि सगळ्यांच्या सुरुवातीला त्यांचं नाव. सर्च इंजिन लेखकाचं नाव दरवेळी दाखवतंच असं नाही, पण आमच्या पानाची पहिली ओळच नावाची, म्हणून ते मथळ्याखालच्या दोन ओळींत उतरत होतं. माझ्या अंगावर काटा आला. मी मात्र हसून म्हटलं, "तांत्रिक आहे हो ते." गिरणीवाले हसले नाहीत. भाऊंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ते खाली गेले, आणि मी त्या दिवशी ती खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली.

तारखा मात्र तशाच ठेवल्या. पान बघणारे वाढले होते, मालक खूश होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला ऑफिसचा फोन वाजला. एक मुलगी होती, आवाज रडून फाटलेला. वडशाला कापडाच्या दुकानात कामाला होती, आता गावाकडच्या बसमध्ये होती.

"बाई, आमच्या गावची बातमी आहे ना तुमची? मोहफुलं वेचाले गेलेली बाई वाघानं मारली म्हणून? माही मावशी पहाटेच गेली मोहाले. फोन लागून नाई राह्यला."

तिच्या गावाचं नाव ऐकून मी गोंधळले. सावली तालुक्याच्या बाजूला, जंगलाला चिकटलेलं गाव. तिथून आज काहीच आलं नव्हतं. "कुठे वाचलंस?"

"सर्चले. मी रोजच पाहातो, मोहाचे दिवस आले की. गावाचं नाव टाकतो अन् वाघ टाकतो. आज दोन तासांपूर्वी दाखवते. पान नाई उघडून राह्यलं, नेटवर्क नाई. पण भाऊंचं नाव आहे. भाऊ खोटं नाई लिहित बाई. ते आमच्या घरी आलते."

भाऊ गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. मला ते सांगवलं नाही.

मी तीच अक्षरं सर्चमध्ये टाकली. पहिलीच ओळ. दोन तासांपूर्वी. भाऊंचं नाव. मोहफुलं वेचताना महिला वाघाच्या हल्ल्यात ठार. सकाळच्या उजेडात, पंख्याखाली बसून मला थंडी वाजली. क्षणभर मलाही वाटलं, भाऊंनी आज सकाळीच लिहिलं असेल. त्यांना आपल्या आधी कळलं असेल.

पान उघडून त्याच्या पोटातली चिठ्ठी वाचली, तेव्हा श्वास आला. प्रसिद्ध झाल्याची तारीख तिथे जशीच्या तशी होती, पाच वर्षांपूर्वीची. ती मी पुसली नव्हती, फक्त लोकांपासून लपवली होती. सर्च इंजिन सकाळी सातच्या सुमाराला पानावर येऊन गेलं असणार. पानावर आज, चिठ्ठीतही बदलल्याची तारीख आज, दोन्ही जुळलेलं पाहून त्याने आज लिहिलं. खोटं त्याने नाही, मी सांगितलं होतं.

"ऐक, ती जुनी बातमी आहे. तारीख चुकीची पडली आहे. मी आत्ता दुरुस्त करते."

"आजची आहे ना बाई. मले दिसते ना."

तिने फोन ठेवला. मी ती ओळ काढली, पानावर खरी तारीख ठळक लावली, सर्च इंजिनाला पान पुन्हा बघून जायची विनंती पाठवली. मग सर्च उघडला. दोन तासांपूर्वी. पुन्हा उघडला. तेच. पान खरं झालं होतं, पण सर्च इंजिन स्वतःकडे ठेवलेली प्रतच दाखवत होतं. विनंती केली म्हणून ते लगेच येत नाही, त्याच्या सवडीने येतं. भाऊंना मी थांबवू शकत नव्हते. ते सगळ्या जिल्ह्याला सांगत होते, की आज एक बाई मेली.

पंधरा मिनिटांनी तिचा पुन्हा फोन आला. आता ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं.

"अजून आजच दाखवते. तुम्ही काऊन खोटं बोलता? सांगायचं नाई म्हणून सांगून राह्यल्या का?"

तिला मी काय पुरावा देणार? तारखेवरचा तिचा विश्वास मीच कमावला होता. "आतली बातमी वाचून दाखवते," मी म्हटलं. भाऊ मोजकंच लिहायचे. पहाटेची वेळ, नाल्याजवळचं मोहाचं झाड, अर्धी भरलेली टोपली. मी एकेक ओळ वाचत गेले. पलीकडे फक्त बसचा आवाज. नाव त्यांनी दिलं नव्हतं. शेवटी आलं, "मृत महिलेला नवरा नाही. मागे आठवीत शिकणारी एकुलती एक मुलगी आहे."

मी थांबले. बस कुठल्या तरी थांब्यावर उभी राहिली, कंडक्टर ओरडला, दार आपटलं.

"मावशीले लेकरू नाई," ती हळू म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "आठवीत मी होती बाई."

नाल्याजवळची ती टोपली मी तिला आत्ता माझ्या तोंडाने दाखवली होती.

तिने लांब श्वास सोडला. आणि ती हसली, अगदी मोकळं, जीव भांड्यात पडल्यासारखं.

"बरं झालं," ती म्हणाली. "आईच होय."

मग ती एकदम गप्प झाली. आपण काय बोललो ते तिलाही ऐकू आलं असावं. मी फोन धरून बसले होते, आणि बस पुन्हा सुरू झाली.