नऊ वाक्यं

ती आमच्या पेपराच्या डेस्कवर आली तेव्हा माझी नोकरी बावीस वर्षांची झाली होती. पहिली अकरा अमरावतीत, पुढची अकोल्याच्या आवृत्तीत. वडील अमरावतीला कॉलेजात मराठी शिकवायचे, त्यामुळे चार ओळींचं वाक्य न अडखळता लिहिता येणं हा आमच्या घरात संस्कार मानला जाई. माझ्या मराठीचा मला गर्व होता, आणि डेस्कवर तो सगळ्यांनी मान्य केलेला होता. काही अडलं की लोक माझ्याकडे यायचे.

ती तिशीतली, अकोल्याचीच. घरी उर्दू, शिक्षण मराठी शाळेत. वडिलांचं कापडाचं दुकान. आमच्याकडे येण्याआधी सहा वर्षं ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होती. संपादकांनी तिची ओळख करून दिली तेव्हा मी मनात म्हटलं, हिला आता र्‍हस्व-दीर्घापासून शिकवावं लागणार.

दुसऱ्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याची प्रेसनोट आली. सरकारी प्रेसनोटा येतात तशीच, एकाच वाक्याची. ती अशी होती: ‘शहराला पाणीपुरवठा करणाऱ्या मुख्य जलवाहिनीला गळती लागल्याचे बुधवारी सकाळी निदर्शनास आल्यानंतर दुरुस्तीचे काम तातडीने हाती घेण्यात आले असून, त्यामुळे गुरुवारी जुन्या शहरात पाणी न येता ते शुक्रवारी सकाळी येणार असल्याचे व नव्या वसाहतींना मात्र गुरुवारीच सायंकाळी अर्धा तास पाणी मिळणार असल्याचे, तसेच पहिले पाणी गढूळ असण्याची शक्यता असल्याने ते उकळूनच प्यावे, असे अभियंत्यांनी कळविले आहे.’

अशा नोटा आम्ही दोन-चार शब्द बदलून तशाच सोडायचो. तिने ती मोडली.

‘शहराला पाणी पुरवणाऱ्या मुख्य जलवाहिनीला गळती लागली आहे. ही गळती बुधवारी सकाळी लक्षात आली. त्यानंतर दुरुस्तीचे काम तातडीने सुरू झाले. त्यामुळे गुरुवारी जुन्या शहरात पाणी येणार नाही. तेथे शुक्रवारी सकाळी पाणी येईल. नव्या वसाहतींना मात्र गुरुवारीच सायंकाळी अर्धा तास पाणी मिळेल. पहिले पाणी गढूळ असण्याची शक्यता आहे. त्यामुळे ते उकळूनच प्यावे. ही माहिती अभियंत्यांनी दिली.’

संपादक तिच्या मागे उभे राहून वाचत होते. वाचून झाल्यावर ते म्हणाले, ‘‘माझ्या आईला हे एका वाचनात कळेल.’’ एवढंच. पण अकोल्यातल्या अकरा वर्षांत माझ्या मजकुराबद्दल त्यांनी आईचं नाव काढलं नव्हतं.

मी ती नोट प्रिंट काढून घरी नेली. हे लिहायला लाज वाटते, पण नेली. लाल पेन घेऊन मूळ वाक्यातली एकेक गोष्ट मोजली आणि तिच्या नऊ वाक्यांत शोधली. काहीतरी सुटलेलं असणारच, अशी मला आशा होती. ‘तातडीने’ होतं. ‘मात्र’ होतं. गढूळ पाणी आणि उकळणं यांतला ‘त्यामुळे’ही होता. क्रम जिथल्या तिथे. पेनाची एकही खूण न करता कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी डेस्कवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की हे वाचताना चौथीच्या पुस्तकासारखं वाटतं. ती हसली आणि म्हणाली, ‘‘हो ताई, चौथीच्याच लेकराइले शिकवत होती मी.’’ तिला ते लागलंच नाही. त्याचाही मला राग आला.

महिन्याभरात दुसऱ्या पानावरच्या सगळ्या नोटा तिच्याकडे गेल्या. वाचक त्यांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला लागले. माझ्या शेजारणीने आमच्याच पेपरातला वीज बंद राहण्याचा मजकूर मला पाठवला, ‘किती छान लिहिलं आहे तुमी’ असं लिहून. ते मी लिहिलेलं नाही, हे मी तिला कळवलं नाही.

मग तो गुरुवार आला. तिच्या घरी पाहुणे येणार होते म्हणून ती चारलाच निघाली. जाताना एक नोट माझ्यापुढे ठेवून म्हणाली, ‘‘ताई, एवढी एक पाहून घ्या ना. पान माझंच आहे, पण मले थांबता नाही येत आज.’’

अमरावतीच्या एका धर्मादाय दवाखान्याची नोट होती. मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियेची. शनिवारी सकाळी दहाला अकोल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात डोळे तपासणार, त्यात जे शस्त्रक्रियेला योग्य ठरतील त्यांची साखर आणि रक्तदाब तिथेच तपासणार, त्यानंतर ज्यांना चिठ्ठी मिळेल त्यांनाच रविवारी सकाळी सातला सभागृहासमोरून बसने अमरावतीला नेणार, आणि सोबत एक नातेवाईक हवा. हे सगळं एका वाक्यात, ‘असून’ आणि ‘तसेच’ लावत लावत.

मला वाटलं, आज दाखवूच. तिची नऊ वाक्यं, तर माझी सहा. शिवाय बातमीत महत्त्वाचं आधी घ्यायचं असतं, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. ती आपली नोटेच्या मागे मागे जाते. मी लिहिलं: ‘मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होणार आहे. त्यासाठी रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या सभागृहासमोरून बस निघेल. बस रुग्णांना अमरावतीला नेईल. सोबत एक नातेवाईक हवा. शनिवारी सकाळी दहा वाजता सभागृहात तपासणी आहे. साखर आणि रक्तदाबही तपासला जाईल.’

परत वाचलं. सुटसुटीत, नेटकं वाटलं. तिच्यापेक्षा चांगलं वाटलं. शुक्रवारी ते छापून आलं.

रविवारी सकाळी साडेसातला संपादकांचा फोन आला. त्या सभागृहापासून माझं घर पाच मिनिटांवर. तिथे काहीतरी गोंधळ झाला आहे, जाऊन पाहा, असं ते म्हणाले.

मी पोचले तेव्हा बस निघून गेली होती. पायऱ्यांवर दहा-बारा माणसं बसलेली, बहुतेक म्हातारी, पिशव्या घेऊन. दवाखान्याचा एक कार्यकर्ता सगळ्यांना समजावत होता की चिठ्ठी शनिवारच्या तपासणीनंतरच मिळत होती, आणि चिठ्ठीशिवाय बसमध्ये घेता येत नाही. बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातून आलेलं एक जोडपं अगदी कडेला बसलं होतं. नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बायकोच्या हातात आमच्या पेपराचं घडी केलेलं पान होतं. मी पेपरातून आले हे कळल्यावर तिने ते माझ्यापुढे धरलं.

‘‘बाई, यात पयले बस लिहेल हाय,’’ ती म्हणाली. ‘‘म्हनून आमी बसले आलो. तपासनी खाली लिहेल हाय, म्हटलं थे दुसऱ्याइची असंल. चिठ्ठीचं तं कोठीच नाही लिहेल.’’

ती भांडत नव्हती. आपण वाचण्यात चुकलो का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी म्हणाले, ‘‘तुमी नाही चुकल्या.’’ पानाची घडी घालून मी तिला परत दिली.

सोमवारच्या मीटिंगमध्ये संपादकांनी ते पान टेबलावर टाकलं आणि तिच्याकडे पाहिलं. पान तिचं, त्यामुळे प्रश्नही तिलाच. चिठ्ठी कुठे गेली आणि शनिवार रविवारच्या खाली कसा आला, असं त्यांनी विचारलं. तिने मजकूर वाचला. पहिल्या दोन ओळींतच तिला कळलं असणार. असं वाक्य ती लिहीतच नसे. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘‘सर, मी निघायच्या आधी पाहायला पाहिजे होतं.’’

मी गप्प बसले. आणि गप्प बसताना मला बरं वाटत होतं, हे खोटं नाही. महिनाभर ज्या माणसाला कोणी बोललं नव्हतं त्याला बोलणी बसत होती, आणि आत कुठेतरी थंडावा मिळत होता. तो थंडावा पाच-सात मिनिटं टिकला. मग तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. ती त्याच मीटिंगमध्ये, पानाच्या समासात, मूळ नोट आठवून आकडे मांडत होती. चूक कोणाची याच्याशी तिला काही घेणं नव्हतं. तिला मजकूर दुरुस्त करायचा होता.

दुपारी मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की ते मी लिहिलं होतं. का लिहिलं, तेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले की दवाखान्यानं पुढच्या शनिवारी पुन्हा तपासणी ठेवायचं कबूल केलं आहे. ‘‘आता ती नोट तुम्ही दोघी मिळून करा.’’

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. माफी मागितली. ती म्हणाली, ‘‘मले माईत होतं ताई. तुमचं वाक्य मी ओळखतो.’’ घाईत ती ‘ओळखतो’च म्हणायची, वऱ्हाडातल्या आमच्या सगळ्या बायकांसारखी.

मग तिने कागदावर करून दाखवलं. आधी लिहायचं नाही. आधी मूळ वाक्यातल्या गोष्टींना पेन्सिलीने आकडे द्यायचे. तपासणी एक, वार आणि वेळ दोन, जागा तीन. ‘योग्य ठरलेल्यांची’ हा चार, कारण तो सगळ्यांना लागू नाही. ‘चिठ्ठी मिळालेल्यांनाच’ यातल्या ‘च’लाही तिने वेगळा आकडा दिला. मग आकड्यांच्या क्रमाने वाक्यं करायची, आणि शेवटी उलट दिशेने तपासायचं: प्रत्येक वाक्यावर कोणता आकडा, आणि कोणता आकडा बेवारस राहिला. वाक्य तोडताना ‘असून’ गेला की दोन गोष्टींमधला धागा जातो, म्हणून ‘त्यानंतर’ की ‘त्यामुळे’, हे ठरवून पुन्हा लिहायचं. आणि कर्ता दरवेळी लिहायचा, भले तोच शब्द दोनदा येवो.

मी विचारलं की महत्त्वाचं आधी घ्यायचं नाही का. ती म्हणाली, ‘‘बातमीत घ्या. पण जिथं माणसाले एकामागं एक काही करायचं आहे, तिथं नाही. माझी लेकरं ऐकू न येणारी. जे आधी लिहिलं थे आधी करत. मी एकदा ‘खोका उघडा’ आधी लिहिलं आणि ‘दोरी सोडा’ मागून. सगळ्याइनं खोके फाडले.’’

नवीन नोट अशी झाली: ‘मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होणार आहे. त्यासाठी शनिवारी सकाळी दहा वाजता शाळेच्या सभागृहात डोळे तपासले जातील. जे रुग्ण शस्त्रक्रियेला योग्य ठरतील, त्यांची साखर आणि रक्तदाब तेथेच तपासला जाईल. त्यानंतर काही रुग्णांना चिठ्ठी मिळेल. चिठ्ठी मिळालेल्या रुग्णांनाच रविवारी बसने अमरावतीला नेले जाईल. बस सकाळी सात वाजता सभागृहासमोरून निघेल. प्रत्येक रुग्णासोबत एक नातेवाईक हवा.’ पाचवं आणि सहावं वाक्य माझं होतं. तिने त्यात काही बदललं नाही. मला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी याचाही राग आला, की हिच्या मान्यतेने मला एवढं व्हावं.

त्या शनिवारी मी सभागृहात गेले. बार्शीटाकळीकडचं जोडपं आलं होतं. म्हाताऱ्याची साखर जास्त निघाली, त्याला चिठ्ठी मिळाली नाही. गोळ्या देऊन महिन्यानंतर बोलावलं. पहिल्याच शनिवारी तो आला असता तर हे आठवडाभर आधी कळलं असतं. बायकोने मला ओळखलं आणि बसायला जागा करून दिली.

यंदा तिला अमरावतीच्या मुख्य कचेरीत बोलावून घेतलं. सगळ्या आवृत्त्यांच्या डेस्कना नोटा कशा सोडवायच्या हे ती शिकवते. ज्या इमारतीत मी अकरा वर्षं काढली, तिथल्या वरच्या मजल्यावर तिला टेबल आहे. मागच्या महिन्यात आमची तुकडी गेली होती. मी पहिल्या रांगेत बसले होते. तिने फळ्यावर एक लांबलचक वाक्य लिहिलं आणि आकडे कोण देणार, असं विचारलं. माझ्याकडे पाहून थांबली.

मी उठले, खडू घेतला आणि आकडे दिले. अकरा झाले. तिने बारावा दाखवला. सगळे हसले, तीही हसली, मीही हसले. परतीच्या गाडीत मी ते वाक्य वहीत उतरवलं आणि बडनेरा स्टेशन मागे पडेपर्यंत तेरावा आकडा शोधत राहिले.